बोर्डामागचा बगळा

दुकानाचं नाव मालकाच्या घरात ठरतं आणि पेंटर ते फक्त रंगवतो, असं रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात निम्मी नावं आमच्या डोळ्यांदेखत बदलतात. पत्र्यावर खडूच्या रेघा मारून झालेल्या असतात, पहिलं अक्षर उतरलेलं असतं आणि तेवढ्यात मालकाचा मेहुणा येऊन म्हणतो, ‘अहो थांबा, राशीचं अक्षर चुकलं.’ एका किराणा दुकानाच्या बोर्डावर मी ‘लक्ष्मी’तला ‘ल’ काढला आणि मालकाला मुलगी झाल्याचा निरोप आला. नाव मुलीचंच द्यायचं ठरलं, पण बारसं व्हायचं होतं. मग तो एका ‘ल’चा पत्रा बारशापर्यंत माझ्या भिंतीला टेकून उभा. मुलीचं नाव ठेवलं प्राजक्ता.

खडकीतल्या सायकल दुकानाची गोष्ट याच्या बरोबर उलटी. तिथं नाव पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. अडचण एवढीच, की ते नाव तसं का, हे मालकालाच माहीत नव्हतं.

मालक म्हणजे पंचविशीतला पोरगा. खडकी बाजारात एका चाचांच्या दुकानात तो सायकलीचं काम शिकला होता. पंक्चरपासून सुरुवात करून रिमचा आऊट काढण्यापर्यंत हात बसला, तेव्हा चाचांनीच सांगितलं, ‘बेटा, आता स्वतःचं बघ.’ त्यानं एक छोटा गाळा भाड्यानं घेतला आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, ‘पेंटरकाका, सहा बाय दोनचा पत्र्याचा बोर्ड. बगळा सायकल वर्क्स.’

मी म्हटलं, ‘बगळा?’

‘बगळा.’

‘तुझं आडनाव तर...’

‘आडनाव नाही. आमच्या बाबांची सायकल होती, तिचं नाव.’

वडील दापोडीत राहायचे आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. हॅरिस पूल ओलांडून सायकलीनं जायचे आणि सायकलीनंच यायचे. ज्यांनी त्या काळात पहिल्या पाळीच्या वेळी तो पूल पाहिलाय त्यांना सांगायला नको, की भोंगा व्हायच्या आधी पुलावर पायी चालायलासुद्धा जागा नसायची. सगळ्या काळ्या सायकली, सगळ्यांच्या हँडलला डबा. त्या गर्दीत आपली गाडी ओळखायची तर तिला नाव पाहिजेच. ‘बगळ्याला जरा पुसून घे रे,’ ‘बगळ्यात हवा भर,’ असं वडील म्हणायचे. पोरगा लहानपणापासून तेच ऐकत आलेला. बाबा गेले त्यालाही बरीच वर्षं झाली होती. विचारायचं राहून गेलं होतं, आणि खरं तर घरातल्या रोजच्या शब्दाबद्दल कोण विचारतं?

नावाला विरोध झाला तो घरातूनच. काकांचं म्हणणं, बगळा म्हटलं की ढोंगीपणाच डोळ्यांपुढे येतो, डोळे मिटून एका पायावर उभा राहतो आणि मासा दिसला की झडप घालतो. ‘गिऱ्हाईक म्हणेल, हा पण तसलाच दिसतोय. त्यापेक्षा साईकृपा ठेव.’ साईकृपा नावाचे बोर्ड मी एवढे रंगवलेत, की ती चार अक्षरं झोपेतसुद्धा माझ्या हातून उतरतील. त्यामुळे मी मनातल्या मनात पोराच्या बाजूनं होतो. पण माझीही एक अडचण होतीच. नावाशेजारी चित्र काढायचं होतं, आणि बगळा कसला काढायचा? उभा, उडता, की मासा धरलेला? पेंटरला गोष्ट माहीत नसली की चित्र कॅलेंडरातलं होतं.

‘तुझ्या बाबांनी बगळा का म्हटलं असेल, काही कल्पना?’ मी विचारलं.

कल्पना प्रत्येकाकडे होती. आई म्हणाली, गाडी आधी पांढरी असेल. काका म्हणाले, ती एका पायाच्या स्टँडवर तिरकी उभी राहायची, म्हणून. आणि शेजारच्या आजींचं म्हणणं, वडीलच उंच, सडपातळ, लांब मानेचे. गाडीवर बसले की बगळाच दिसायचे. तिसरं कारण तपासायची सोय नव्हती. पहिली दोन मात्र तपासता येण्यासारखी होती, कारण गाडी अजून होती. गाळ्याच्या मागे भिंतीला लावलेली, निळ्या रंगाची, पुढच्या चाकात हवा नाही, सीटचं कातडं फाटलेलं. पोराच्या डोक्यात होतं की ती दुरुस्त करून दुकानासमोर उभी करायची.

रंगाचं काम माझं. सायकलीवर किती हात बसलेत ते बघायला सगळी गाडी खरवडावी लागत नाही. जिथं कुणाचा हात पोचत नाही अशी एक जागा शोधायची. मी सीटखालच्या नळीवर, मागच्या मडगार्डच्या आड असलेली जागा निवडली. पॉलिश पेपर पाण्यात भिजवला आणि बोटाखाली धरून रुपयाएवढा गोल घासत गेलो. घाई केली तर थेट लोखंड लागतं आणि मधलं काही कळत नाही. हळू घासलं की प्रत्येक थर गोल कड्यासारखा उघडा पडतो, सगळ्यात नवा बाहेर, सगळ्यात जुना आत. निळा आला. त्याखाली हिरवा. त्याखाली तांबडा रेडऑक्साईड, म्हणजे हिरवा देण्याआधी कुणीतरी गाडी नीट घासून प्रायमर मारला होता. प्रायमरखाली काळा, पातळ, काचेसारखा कठीण. हाताच्या ब्रशचा नव्हे. कारखान्यात बुडवून भट्टीत भाजलेला. पांढरा कुठंच नाही. मागच्या दांडीवर आणखी एक जागा घासली, तर काळ्यावर सोनेरी रेघ निघाली. लायनिंगच्या लांब केसांच्या ब्रशनं एका दमात ओढलेली, सुरुवातीला जाड आणि शेवटी निमुळती होत गेलेली. ती रेघ पाहून मी पोराला म्हटलं, ‘ही गाडी साधीसुधी नाही. कुणीतरी हे हातानं केलंय.’

स्टँडचा निकाल चाचांनी लावला. ते गाडीजवळ उकिडवे बसले, एका पायाच्या स्टँडची पट्टी बोटानं हलवून बघितली आणि म्हणाले, ‘ये तो बाद में लगाया. हे बघ, पट्टीखाली हिरवा रंग आहे. गाडी हिरवी झाल्यावर हे आलं.’ मागच्या एक्सलशेजारी दोन्ही बाजूंना घासल्याच्या खुणा होत्या. जुन्या गाड्यांना मागचं चाक उचलून धरणारं दोन पायांचं स्टँड असायचं, त्याच्या त्या खुणा. म्हणजे काकांचा एकपायी बगळा नंतरचा, आणि नाव त्याच्या आधीचं. कारण आईला ती लग्न होऊन आली तेव्हापासून ते नाव आठवत होतं, आणि तेव्हा गाडी काळी होती हेही तिला आठवत होतं. मग पांढरी कधी असेल, असं विचारल्यावर ती म्हणाली, ‘मला काय माहीत, त्याच्या आधी असेल.’

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो आणि कॅलेंडरातला बगळा काढून मोकळा झालो असतो. पुढचं सगळं एका कपामुळे झालं.

सायकलीचं पायडल जिथं फिरतं, त्या खालच्या आडव्या नळीत दोन्ही बाजूंनी एकेक कप आट्यावर बसवलेला असतो. मेकॅनिक लोक त्या सगळ्या भागाला बीबी म्हणतात. कपात छर्रे असतात, पाव इंची, एका बाजूला अकरा. त्यावर एक्सल फिरतो. कपात खड्डे पडले की पायडल मारताना कटकट आवाज येतो आणि क्रँक धरून हलवला तर डुलतो. या गाडीचा क्रँक डुलत होताच. पोरानं कॉटर पिनचं नट ढिलं केलं, क्रँकखाली लोखंडी नळीचा आधार दिला, हातोडीच्या दोन घावांत पिन काढली. आधार न देता पिन ठोकली तर घाव छर्ऱ्यांवर जातो, हे तो न सांगता करत होता. चाचा कौतुकानं बघत होते. डावीकडचा कप निघाला. आतून चाळणी झालेला. पोरानं डब्यातून नवा कप काढला, ग्रीस लावलं, फिरवायला लागला. एक आटा गेला. दुसऱ्याला अडकला.

त्यानं पाना लावला.

‘रुको,’ चाचा म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की मी पण ब्रश खाली ठेवला.

त्यांनी नवा कप काढायला लावला. मग जुना कप रॉकेलनं पुसून माझ्याकडून कागदाचा एक तुकडा मागून घेतला, आट्यांवर दाबून अंगठा फिरवला. कागदावर बारीक रेघा उमटल्या. चाचांनी पट्टी लावून अर्ध्या इंचातल्या रेघा मोजल्या. तेरा. नव्या कपावरही तेच केलं. बारा.

‘समझा?’

पोराला समजलं नाही, मला तर नाहीच. चाचांनी समजावलं. बाजारात मिळतो त्या कपाला इंचाला चोवीस आटे असतात, बहुतेक सगळ्या गाड्यांना तोच बसतो. पण इंग्लंडच्या रॅले कंपनीनं आपला स्वतःचा हिशेब ठेवला होता, इंचाला सव्वीस. व्यास जवळजवळ तोच, त्यामुळे चोवीसचा कप सव्वीसच्या नळीत सुरुवातीला मजेत जातो आणि मग अडतो. तिथं ज्यानं पान्यावर जोर दिला त्यानं फ्रेम घालवली, कारण मऊ लोखंड फ्रेमचं असतं, कप कडक असतो. कपाला काही होत नाही, नळीतले आटे चिरडतात. ‘असल्या चांगल्या गाड्या मी भंगारात जाताना बघितल्यात,’ चाचा म्हणाले. ‘फक्त एका पान्यामुळे.’

म्हणजे गाडी रॅले? चाचांनी मान डोलावली, पण पूर्ण नाही. हंबर कंपनी 1932 साली रॅलेनं घेतली, रजसुद्धा नंतर घेतली. मग त्या नावांच्या गाड्याही रॅलेच्याच नॉटिंगहॅमच्या कारखान्यातून निघायला लागल्या, त्याच बारीक आट्यांच्या. शिवाय स्वातंत्र्यानंतर बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना निघाला. त्यामुळे आट्यांवरून घराणं कळतं, माणूस कळत नाही. पुढच्या नळीवरचा कंपनीचा बिल्ला केव्हाच गेला होता, रिव्हेटची भोकं रंगानं बुजली होती. चिमटा साधा होता. हंबरच्या चांगल्या गाड्यांच्या चिमट्याला प्रत्येक बाजूला दोन-दोन नळ्या असतात, ते इथं नव्हतं. पण चिमटा कुणी बदललेला असू शकतो.

‘मग ओळखायचं कशावरून?’ पोरगा म्हणाला.

‘चेनव्हीलवरून. रजच्या चेनव्हीलमध्ये पंजा कापलेला असतो, हाताचा. आणि रॅलेच्यात...’ चाचा बोलता बोलता थांबले. पोराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग कपाळावर हात मारून घेतला. ‘या अल्ला. रॅलेच्यात बगळा असतो.’

रॅलेचं चिन्हच बगळ्याचं डोकं. मोठ्या दात्यांच्या चकतीत मधला पत्रा साध्या आऱ्यांसारखा न कापता तीन बगळ्यांची डोकी राहतील असा कापलेला, लांब चोच, बाकदार मान. कंपनीचा मालक फ्रँक बाउडेन, त्याच्या घराण्याच्या चिन्हातून तो पक्षी आला असं सांगतात. कंपनीचं नाव मात्र त्याच्या घराण्याचं नाही. नॉटिंगहॅममध्ये रॅले नावाची गल्ली होती, तिथं 1880च्या दशकात ते छोटं वर्कशॉप सुरू झालं, म्हणून रॅले. जगभर गाजलेलं नाव गल्लीच्या पाटीवरून उचललेलं आहे, हे कळल्यापासून मी नावावरून अडून बसणाऱ्या गिऱ्हाइकांना हा दाखला देतो. फारसा उपयोग होत नाही.

पण पोराच्या गाडीला असलं चेनव्हील नव्हतं. होतं ते साधं, पाच सरळ आऱ्यांचं, बाजारातलं. चाचांनी त्याचीही उपपत्ती सांगितली. या गाड्यांना उजवा क्रँक आणि चेनव्हील एकत्र ठोकलेलं असतं. वर्षानुवर्षं चेन ओढून दाते एका बाजूनं झिजतात, पुढे कललेल्या टोकदार नखांसारखे होतात. मग चढावर जोर दिला की चेन उडते आणि गुडघा हँडलवर आपटतो. दाते झिजले की आख्खा क्रँकच बदलतात. नवा आणायला गेलं तर मिळतो तो साधा. बगळे त्या वेळी भंगारात गेले असणार.

पोरगा हिरमुसला. इतका वेळ नाव होतं, कारण नव्हतं. आता कारण मिळालं होतं, पण ते चाचांच्या तोंडचं. ‘असं असेल’ यावर बोर्ड रंगवायचा?

त्या दिवशी दुपारी त्याच्या आईनं आम्हा तिघांना जेवायला बोलावलं. दापोडीतली दोन खोल्यांची जागा, ओट्याखाली सतरंजी. आईनं आमटीचं पातेलं आणून मधे ठेवलं. चाचा पहिला घास घेणार तेवढ्यात त्यांचा हात थांबला. ते पातेल्याकडे नाही, त्याच्या खाली बघत होते.

‘भाभी, ये क्या है?’

‘कुठलं? ही? अडणी आहे.’

‘पातेलं जरा उचला.’

आईनं पातेलं उचललं. खाली साडेसात इंचांची, कडेला दाते असलेली, काजळी आणि तेलाच्या पुटानं पार काळी झालेली लोखंडी चकती. मधे एक गोल भोक, आणि एका बाजूला हेक्सॉनं कापल्याची सपाट खूण, जिथून क्रँकचा दांडा उडवला होता. आईला सगळं आठवत होतं. ‘यांनीच कापून दिली. म्हटले, फेकवत नाही. मी म्हटलं, द्या इकडं, गरम भांडं ठेवायला बरी आहे.’ चाळीस-एक वर्षं त्या चकतीवर आमटी, भात, दूध ठेवलं गेलं होतं. पुटानं भोकं बुजत आली होती, त्यामुळे आकार दिसायला काही राहिलंच नव्हतं. आईला तर वाटत होतं की मधली नक्षी आहे, पानाफुलांची.

जेवण तसंच राहिलं. पोरानं धुण्याचा सोडा घालून पाणी उकळलं आणि चकती त्यात टाकली. पहिलं पाणी डांबरासारखं निघालं. दुसऱ्या पाण्यानंतर तारेचा ब्रश फिरवला, तेव्हा आधी एक डोळा दिसला. म्हणजे डोळ्याच्या जागी एक खोलगट ठिपका. मग चोच. पोरानं चकती फिरवली, दुसरं डोकं. तिसरं. दाते मात्र चाचा म्हणाले तसेच, एका बाजूला कललेले. आमटी आईनं तोवर वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवली होती आणि ‘आधी जेवा तरी’ असं ती तिसऱ्यांदा म्हणत होती.

काकांना हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, ‘मग सरळ रॅले सायकल वर्क्स ठेव की. भारदस्त वाटतं.’ इथं मात्र मला बोलावं लागलं. कंपनीच्या नावाचे बोर्ड मी पुष्कळ रंगवलेत, पण ते अधिकृत विक्रेत्यांचे. त्यात कंपनीच सांगते की वर आमचं नाव एवढ्या आकारात, आमच्या ठरावीक रंगात, आणि खाली तुमचं. ज्याचं कंपनीशी काही देणंघेणं नाही त्यानं तेच नाव आणि चिन्ह दुकानावर लावलं, तर एक दिवस नोटीस येऊ शकते. वडिलांनी ठेवलेलं नाव मात्र वडिलांचं. त्यावर कुणाचा हक्क नाही. चित्राबाबतही मी तेच ठरवलं. चकतीवरचा बगळा जसाच्या तसा बोर्डावर घ्यायचा नाही. फक्त त्याच्या मानेचा बाक उचलायचा आणि बाकी पक्षी माझ्या मनाचा करायचा.

तो बाक कागदावर घेणं हे या कामातलं मला सगळ्यात आवडलेलं काम. चकतीवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घासली, की खालची कड आपोआप वर उमटते. त्यातली एक मान घेतली, चौकोन आखून मोठी केली, तिला शरीर दिलं, पाय दिले. मग त्या मोठ्या कागदाला रेषेवरून टाचणीनं जवळजवळ भोकं पाडली, कागद पत्र्यावर चिकटवला आणि खडूच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर थोपटली. कागद काढला की पत्र्यावर ठिपक्यांचा बगळा. पत्रा आधीच प्रायमर मारून, गडद हिरवा देऊन दोन दिवस वाळवला होता. हिरवा मीच सुचवला. गाडीच्या दुसऱ्या थराला लावून जुळवून घेतलेला. काळा बोर्ड रस्त्यावर लांबून दिसत नाही, नाहीतर काळाच दिला असता.

अक्षरं देवनागरीत, एक ओळ. 2022 साली कायदा बदलल्यापासून छोट्यातल्या छोट्या दुकानालाही मराठी पाटी लागते आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. पोराला दुसरी लिपी नकोच होती. सगळ्या अक्षरांखाली मी एक सोनेरी रेघ ओढली, सुरुवातीला जाड, शेवटी निमुळती. मागच्या दांडीवरच्या रेघेसारखी एका दमात येईना. दोनदा रॉकेलच्या बोळ्यानं पुसली. तिसरी ठेवली. ज्यानं मूळची ओढली त्याच्या दिवसाला असल्या किती रेघा होत असतील कोण जाणे.

एक गोष्ट राहिली होती. पोराच्या मनात होतं की खरी चकती दुकानात काउंटरच्या मागे लावायची. आई म्हणाली, ‘आणि मी पातेलं कशावर ठेवू?’ त्यानं भंगारातून दुसरं एक साधं चेनव्हील आणून, क्रँक कापून, कडा कानशीनं घासून तिला दिलं. चार दिवसांनी ते परत आलं. भोकं मोठी आहेत, छोटी वाटी कलंडते. त्यानं मग दुकानातून चांगली नवी लोखंडी अडणी विकत आणली. तिचे पाय ओट्यावर ओरखडे पाडतात म्हणून तीही नको झाली. बगळे दापोडीलाच राहिले.

गाडीच्या कपाचं मात्र काम झालं. चाचांच्या दुकानात पोटमाळ्यावर जुन्या बिस्किटांचा एक डबा होता, त्यात त्यांनी वर्षानुवर्षं मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग काढून ठेवले होते. त्यात बारीक आट्यांचा एक चांगला कप निघाला, डाव्या बाजूचा. उजव्या बाजूचा कप काढावाच लागला नाही. तो शाबूत होता, आणि चाचा म्हणाले, जो उलट्या आट्याचा कप शाबूत आहे त्याला शहाण्यानं हात लावू नये. बगळ्याला नवे बावीस छर्रे मिळाले, ग्रीस मिळालं, आणि क्रँक डुलायचा थांबला. चेनव्हील साधंच राहिलं.

नावाचा एक परिणाम कुणीच धरला नव्हता. जुन्या सायकलींचं वेड असलेली माणसं बोर्ड बघून आत यायला लागली. बगळा म्हटल्यावर त्यांना काय ते बरोबर कळायचं. पोरगा दर रविवारी जुन्या बाजारात जाऊन बारीक आट्यांचे कप शोधू लागला आणि चाचांच्या डब्याशेजारी त्याचा स्वतःचा एक डबा झाला.

परवा मी बोर्डाच्या खालच्या कडेला रंगाचा हात द्यायला गेलो होतो, तेव्हा एक निवृत्त गृहस्थ सायकल हातात धरून आले. इस्त्रीचा शर्ट, सायकल लख्ख पुसलेली. ‘रॅले आहे,’ ते म्हणाले. ‘माझ्या वडिलांची. कप मिळत नाही कुठं.’ पोरानं कप काढला, पुसला, माझ्याकडचा कागद मागितला, दाबला, मोजला. परत मोजला.

‘काका, बारा येतायत.’

‘म्हणजे?’

‘आटे साधे आहेत. बाजारातला कुठलाही कप बसेल. आत्ता बसवून देतो.’

‘अहो, रॅले आहे ही! वडिलांनी रॅले म्हणूनच घेतली होती.’

पोरानं माझ्याकडे बघितलं. मी स्टुलावर चढलो आणि सोनेरी रेघेत लक्ष घातलं. तो म्हणाला, ‘गाडी चांगलीच आहे काका. आटे तेवढे रॅलेचे नाहीत.’ गृहस्थांनी कप खिशात टाकला, सायकल फिरवली आणि चालायला लागले. तुला अजून शिकायचंय, असं जाता जाता पोराला सुनावून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले, काही न बोलता सायकल स्टँडला लावली आणि किती होतील ते विचारलं.